फोनमधले पोटभाडेकरू

फोनवर ‘स्टोरेज संपत आले’ अशी सूचना आली की घरोघरी तोच कार्यक्रम सुरू होतो. गॅलरी उघडायची, गुड मॉर्निंगची फुले पुसायची, वरातीतल्या नाचाचा व्हिडिओ ठेवायचा की काढायचा यावर नवरा-बायकोत दोन शब्द व्हायचे आणि तासाभराने अर्धा जीबी मोकळा झाला म्हणून फोन खाली ठेवायचा. पंधरा दिवसांत सूचना पुन्हा हजर. जागा खाणारी मंडळी पुष्कळदा गॅलरीत नसतातच. गोव्याच्या जुन्या सहलीसाठी उतरवलेला नकाशा, रोज पहाटे आपोआप येऊन पडणारा पॉडकास्टचा भाग, अर्धी ऐकून सोडलेली ऑडिओ कादंबरी, कुणीतरी पाठवलेली दिवाळी अंकाची पीडीएफ, हे सगळे आपापल्या ॲपच्या खोलीत बिऱ्हाड करून असतात. जागा आपण ॲपला दिली. त्याने ती पुढे कुणाकुणाला दिली, हे आपण कधी विचारलेलेच नसते.

या पोटभाडेकरूंचा पत्ता सेटिंग्जमध्ये मिळतो. अँड्रॉइड फोनवर आधी ‘Settings’, मग ‘Apps’, मग ॲपचे नाव आणि तिथे ‘Storage’. कंपनीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण सहसा तीन आकडे समोर येतात. ‘App size’ म्हणजे खुद्द ॲप. ‘User data’ म्हणजे तुमच्या वापरातून साठलेला ऐवज. ‘Cache’ म्हणजे काम झटपट व्हावे म्हणून हाताशी ठेवलेला, गेला तरी पुन्हा आणता येणारा पसारा. उतरवलेले नकाशे, भाग आणि पुस्तके बहुधा मधल्या आकड्यात असतात. आयफोनवर ‘Settings’, ‘General’, ‘iPhone Storage’ असे जायचे. तिथे ‘App Size’ आणि ‘Documents & Data’ असे दोनच आकडे दिसतात आणि आपले गिऱ्हाईक दुसऱ्यात असते.

‘क्लीनर’ म्हणवणारी ॲप हे काम का करत नाहीत? त्यांना तिथे शिरताच येत नाही. प्रत्येक ॲपला फोनमध्ये स्वतःची खासगी जागा असते. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून ही भिंत आणखी पक्की झाली आणि बाहेरच्या फाइल मॅनेजरला दुसऱ्या ॲपच्या कप्प्यात डोकावणे जवळजवळ बंद झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्यामुळे क्लीनरच्या हाती कॅश, ‘Download’ फोल्डरमधल्या मोठ्या फाइली आणि दुहेरी फोटो एवढेच उरते. शिवाय भिंत नसती तरी शनिवारी तुम्हाला कोणता नकाशा लागणार आहे, हे त्या क्लीनरला कोण सांगणार? म्हणून एकेका ॲपमध्ये जाऊनच निवड करावी लागते.

आत जाण्याआधी दोन बटणांतला फरक पक्का हवा. सेटिंग्जमधले ‘Clear cache’ दाबले तर सहसा उतरवलेल्या गोष्टींना धक्का लागत नाही, म्हणून जागाही फारशी सुटत नाही. ‘Clear storage’ (जुन्या फोनवर ‘Clear data’) दाबले तर सगळेच जाते. लॉगिन जाते, आवडीनिवडी जातात आणि जे फक्त याच फोनवर होते ते कायमचे जाते. आयफोनचे ‘Offload App’ तर नेमके उलटे काम करते. ते ॲप काढते आणि त्याचा डेटा तसाच ठेवते. शंभर एमबीचे ॲप जाते, तीन जीबीचे भाग जागच्या जागी. अँड्रॉइडवर न वापरलेली ॲप आपोआप ‘archive’ होतात, तिथेही तुमचा डेटा राखूनच ठेवला जातो. ज्यांच्यामुळे जागा भरली, ते या दोन्ही उपायांनी हलत नाहीत.

आता एक नमुन्याचा फोन समोर ठेवू. ६४ जीबीचा अँड्रॉइड. मालक ठाण्यात राहणारा, लोकलमध्ये पॉडकास्ट ऐकणारा, पावसाळ्यात सह्याद्री पालथा घालणारा. मागच्या उन्हाळ्यात बहिणीकडे न्यू जर्सीला जाऊन आलेला. ६४ जीबीतला बराच भाग फोनची यंत्रणाच घेते, व्हॉट्सॲप आणि फोटो आपला हिस्सा घेतात आणि उरलेल्यात झोंबाझोंबी चालू. यादीत गूगल मॅप्सपुढे २.८ जीबी आणि पॉडकास्ट ॲपपुढे ३.६ जीबी दिसले की काहीतरी गडबड आहे हे ओळखावे. ही दोन्ही ॲप मुळात काहीशे एमबीच्या आतबाहेरची असतात. उरलेले सगळे आपण उतरवलेले, किंवा ॲपने आपल्या वतीने उतरवलेले.

आधी नकाशे. गूगल मॅप्समध्ये आपल्या गोल फोटोवर बोट ठेवले की ‘Offline maps’ दिसते. आत यादी असते आणि प्रत्येक नकाशापुढे त्याचा आकार. आपल्या गृहस्थाच्या यादीत ठाणे-मुंबई, गोवा, नाशिक आणि न्यू जर्सी असे चार चौकोन आहेत. न्यू जर्सीचा सगळ्यांत वजनदार, कारण चौकोनात शेजारचे न्यूयॉर्कही आले आहे. आकार नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. गल्लीबोळ, दुकाने आणि नावे जितकी दाट, तितका नकाशा जड. त्यामुळे उजाड पठारावरचा मोठा चौकोन कधीकधी एखाद्या महानगराच्या छोट्या चौकोनापेक्षा हलका निघतो. नवा नकाशा निवडताना चौकोन लहानमोठा केला की खाली अंदाजे एमबी बदलताना दिसतात. तो आकडा बघत बघत चौकोन आवळावा.

पण न्यू जर्सीचा नकाशा परत येऊन वर्ष होत आले तरी टिकला कसा? या नकाशांना मुदत असते, एरवी सुमारे वर्षाची. मुदत संपायला पंधरा किंवा कमी दिवस उरले की मॅप्स वाय-फाय मिळताच तो स्वतःहून ताजा करायचा प्रयत्न करते. ही सोय चालू असेल तर नकाशा मरतच नाही. बहीण तिकडे, भाऊ ठाण्यात, आणि फोन मात्र घरच्या वाय-फायवर न्यू जर्सीचे रस्ते इमानेइतबारे अद्ययावत करतोय. यादीतल्या नकाशावर टिचकी मारून ‘Delete’ केले की तो जातो. त्याच पानाच्या वरच्या चाकावर टिचकी मारली की आपोआप अद्ययावत करण्याची आणि आपोआप उतरवण्याची कळ सापडते. वर्षातून दोनदाच प्रवास करणाऱ्याने ती बंद ठेवून निघण्याच्या आदल्या रात्री हाताने नकाशा घ्यावा, असे माझे मत आहे.

नकाशा नेमका किती घ्यावा, हे ऑफलाइन नकाशाला काय जमते त्यावरून ठरते. नेट नसताना गूगल मॅप्स गाडीचा रस्ता सांगते. पायी चालण्याचा, सायकलचा किंवा बस-लोकलचा मार्ग सांगत नाही. ट्रॅफिकही दाखवत नाही. म्हणजे ठाणे-मुंबईचा चौकोन, जिथे नेट बहुतेक वेळा असते आणि खरी गरज ट्रॅफिकची असते, तिथे तो फारसा कामाला येत नाही. गोव्याला जाताना पणजी शहरापेक्षा आंबोली किंवा चोर्ला घाटाचा पट्टा जवळ हवा. एक मात्र सांभाळायचे. निघण्याचे आणि पोचण्याचे ठिकाण, आणि मधला रस्ता, हे सगळे उतरवलेल्या भागात बसले पाहिजेत. नुसता घाट घेतला आणि मुक्कामाचे गाव बाहेर राहिले तर ऐन वेळी फोन नेट मागत बसतो. तपासायचे असेल तर घरीच फोन विमान मोडवर टाकून मार्ग काढून पाहावा.

आयफोनवर ॲपलच्या नकाशांत ऑफलाइनची सोय उशिरा, २०२३ मध्ये आयओएस १७ सोबत आली. तिथे ‘Optimize Storage’ नावाची कळ आहे. ती चालू असेल तर न वापरलेले नकाशे फोन आपण होऊन काढतो. परदेशात पाऊल ठेवण्याआधी मात्र हवा तो नकाशा अजून जागेवर आहे ना, हे बघून घ्यावे.

भटक्या मंडळींच्या फोनवर गूगलशिवाय आणखी एक नकाशा असतो, ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर चालतात आणि किल्ल्यांच्या पायवाटा त्यांत बऱ्याचदा गूगलपेक्षा चांगल्या सापडतात. इथे चौकोन आखायचा नसतो, तयार प्रदेश उतरवायचे असतात. ओस्मअँडमध्ये मूळ नकाशा वेगळा, उंचीच्या समोच्च रेषा वेगळ्या आणि डोंगरउताराची सावली दाखवणारा थर वेगळा. एकाच मुलखाच्या तीन फाइली. ट्रेक संपल्यावर मूळ नकाशा ठेवून सावलीचा थर काढून टाकणे हा सर्वांत सोपा सौदा. यात एक चकवा आहे. तिथे नकाशा ‘Deactivate’ करता येतो. तो पडद्यावरून नाहीसा होतो, पण फाइल फोनवरच असते. जागा हवी असेल तर ‘Delete’च करावे लागते.

याच ॲपबाबत एक इशारा जरा जोरात देतो. आपण चाललेल्या वाटांची नोंद, म्हणजे ट्रॅक, आणि जतन केलेली पाणवठ्यांची ठिकाणे सहसा याच ॲपच्या कप्प्यात असतात. नकाशा पुन्हा मिळतो. धुक्यात शोधून काढलेली गुहा किंवा टाके नोंदवले असेल तर ते दुसरीकडे कुठेच नसते. जागा सोडवण्याच्या भरात ॲपच काढून टाकले किंवा ‘Clear storage’ केले तर त्या नोंदी जाऊ शकतात. आधी ट्रॅक जीपीएक्स फाइल म्हणून बाहेर काढा, स्वतःला ई-मेल करा आणि मगच कात्री चालवा.

पॉडकास्टची गोष्ट वेगळी आहे. नकाशा एकदा घेतला की तेवढाच राहतो, पॉडकास्ट रोज वाढतो. हिशेब साधा आहे. ऑडिओ फाइल १२८ केबीपीएस दर्जाची असेल, आणि पॉडकास्टमध्ये हा दर्जा नेहमीचा आहे, तर एका तासाला साधारण ५८ एमबी लागतात. रोज अर्धा तास बोलणारा कार्यक्रम धरला तर दिवसाला २९ एमबी, महिन्याला सुमारे ८७० एमबी. त्यात आठवड्याला एकदा येणारा दीड तासाच्या गप्पांचा कार्यक्रम घातला की महिन्याला आणखी ३४५ एमबी. दोन्ही मिळून महिन्याला १.२ जीबी. आपोआप उतरवण्याची सोय चालू ठेवून तीन महिने कुणी लक्ष दिले नाही की आपल्या ठाणेकराच्या फोनवर दिसलेले ३.६ जीबी जमतात. एकही भाग मुद्दाम न उतरवता!

आता कुणी म्हणेल, ‘ऐकून झालेला भाग आपोआप पुसावा’ ही कळ चालू आहे, मग का साठतात? इथेच ग्यानबाची मेख आहे. ॲपच्या लेखी भाग ऐकून झाला म्हणजे तो शेवटपर्यंत वाजला. आपण काय करतो? गप्पा संपल्या, यजमान प्रायोजकांचे आभार मानायला लागला, की पुढच्या भागावर उडी मारतो. दोन-तीन मिनिटे राहून जातात. ॲपच्या वहीत तो भाग अजून ‘चालू’ असतो आणि पुसण्याचा नियम त्याला लागत नाही. पॉकेट कास्ट्समध्ये डाउनलोड केलेल्या फाइली आवरण्याचे पान उघडले तर न ऐकलेले, अर्धवट आणि ऐकलेले असे तीन गट स्वतंत्र आकारासकट दिसतात. अर्धवटांचा गट फुगलेला असेल तर हेच कारण समजावे. त्याच ॲपमध्ये प्रत्येक कार्यक्रमाला ‘Skip last’ अशी सोय आहे. तिथे तीन मिनिटे घातली की शेवटचे आभारप्रदर्शन गाळून भाग पूर्ण झाल्याची नोंद होते आणि मग तो नियमाप्रमाणे जातो.

न ऐकलेल्यांचा ढीग हा मात्र मनाचा प्रश्न आहे. ‘कधीतरी ऐकू’ म्हणून ठेवलेले चाळीस भाग पाहून कुणाचाही हात थबकतो. पण भाग पुसला म्हणजे तो नाहीसा झाला असे नाही. जोवर निर्माता तो काढत नाही, तोवर कार्यक्रमाच्या यादीत तो असतो आणि हवा तेव्हा थेट ऐकता येतो. जवळ ठेवण्याचे कारण एकच, लोकलच्या प्रवासात किंवा विमानात नेट नसणे. तेवढ्यासाठी रोजच्या कार्यक्रमाचे ताजे तीन भाग आणि साप्ताहिकाचा एक पुरतो. वरच्या हिशेबाने तीन भागांचे ८७ आणि एकाचे ८६, म्हणजे पावणेदोनशे एमबीच्या आत काम झाले. म्हणून ढीग उपसण्याआधी मर्यादा घालावी. ॲपल पॉडकास्ट्समध्ये किती ताजे भाग आपोआप उतरवायचे हे कार्यक्रमागणिक ठरवता येते. पॉकेट कास्ट्समध्ये ‘Auto archive’ खाली न ऐकलेल्या भागांनाही मुदत लावता येते. बातम्यांच्या कार्यक्रमाला दोन दिवसांची मुदत द्यायला हरकत नसावी. परवाची बातमी ऐकून करायचे काय?

स्पॉटिफायमध्ये उतरवलेले भाग आणि कॅश यांचा हिशेब वेगवेगळा दाखवतात. इथे कॅश खरोखर मोठी होऊ शकते, कारण नेटवरून ऐकलेलेही काही काळ तिथे पडून असते. ती ॲपच्या सेटिंग्जमधूनच साफ करावी. ‘Remove all downloads’ वेगळे बटण आहे, घाईत तेच दाबले जाऊ नये. यूट्यूब प्रीमियम घेतलेल्यांनी ‘Smart downloads’ चालू आहे का तेवढे पाहावे. ते चालू असले की आपल्याला आवडतील असे व्हिडिओ यूट्यूब स्वतःच्या अंदाजाने आणून ठेवते, आणि व्हिडिओचे वजन ऑडिओच्या कैक पट. आणि २०२४ मध्ये बंद झालेले गूगल पॉडकास्ट्स अजून कुणाच्या फोनवर तग धरून असेल तर ते बेलाशक उडवावे.

ई-पुस्तकांवर मात्र उगीच संशय घेतला जातो. दोनशे पानांची मराठी कादंबरी घ्या. पानावर दीडहजार अक्षरचिन्हे धरली आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात हे लक्षात घेतले तरी सगळा मजकूर ९०० केबीच्या आसपास. ई-पब फाइलमध्ये तो दाबून बसवलेला असतो, तेव्हा आणखी कमी. मुखपृष्ठाचे चित्रच कधी मजकुराहून जड असते. अशी पन्नास पुस्तके काढली तरी सुटणारी जागा एखाद्या तासाच्या पॉडकास्टएवढी. किंडलवरची वाचनालये आवरण्यात रविवार घालवू नये. आवरायचेच असेल तर मुखपृष्ठावर बोट दाबून धरून फोनवरून काढण्याचा पर्याय निवडावा. पुस्तक खात्यात राहते आणि पुन्हा उतरवता येते. ‘Permanently Delete’ असे शब्द दिसले तर हात मागे घ्यावा, ते विकत घेतलेले पुस्तक खात्यातूनच काढते.

पुस्तकांच्या नावाखाली खरी जागा दोघे खातात. पहिले ऑडिओबुक. दहा तासांची कादंबरी ६४ केबीपीएस दर्जाने सुमारे २९० एमबी होते. स्टोरीटेलवर मराठी ऐकणाऱ्यांकडे अशा चार-पाच अर्ध्या सोडलेल्या सहज निघतात. दुसरी स्कॅन केलेली पीडीएफ. तिच्यात मजकूर नसतो, पानांचे फोटो असतात. एका पानाला २५० केबी धरले तर दोनशे पानांचा दिवाळी अंक ५० एमबी, म्हणजे ई-पब कादंबरीच्या पन्नासपट तरी. शिवाय ती एकदाच येत नाही. व्हॉट्सॲपच्या दोन गटांत तोच अंक येतो, वाय-फायवर दस्तऐवज आपोआप उतरवायची सोय चालू असते. मग आपण तो उघडून ‘Download’मध्ये जतन करतो आणि वाचायला सोपे जावे म्हणून प्ले बुक्समध्येही घेतो. एकाच अंकाच्या तीन-चार प्रती.

सुदैवाने पीडीएफ त्या भिंतीआड नसते. व्हॉट्सॲपमध्ये ‘Storage and data’ खाली ‘Manage storage’ उघडले की कोणत्या गटाने किती जागा घेतली ते क्रमाने दिसते, आणि मोठ्या फाइली वेगळ्या काढलेल्या असतात. ‘Download’ फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये आकारानुसार लावून घ्यावा. एक प्रत ठेवायची असेल तर ती ड्राइव्हवर टाकून बाकीच्या काढाव्यात.

इतके करूनही सेटिंग्जमधला आकडा हलला नाही, असा अनुभव येईल. पुसलेली पीडीएफ लगेच जात नाही. फाइल्स बाय गूगलच्या ‘Trash’मध्ये किंवा आयफोनच्या ‘Recently Deleted’मध्ये ती तीस दिवस थांबते आणि तोवर तेवढीच जागा अडवते. तो कप्पा रिकामा करावा लागतो. नकाशे आणि पॉडकास्टना असा थांबा नसतो, ते पुसले की गेले. आकड्याला नवा हिशेब दाखवायला थोडा वेळ लागतो, एवढेच. फोन एकदा बंद करून चालू केला की बहुधा तो दिसतो.